एका सेलवरून अख्खी ओळ

हरतालिकेच्या दिवशी सकाळपासूनच पेणजवळच्या त्या कारखान्यासमोर टेम्पो आणि रिक्षांची रांग लागते. कारखाना म्हणजे गणपतीच्या मूर्तींचा. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात मूर्ती जिथे घडतात त्या शेडला कारखानाच म्हणतात. माझ्या मित्राचा असा एक छोटा कारखाना आहे. तो आत मूर्तींच्या मागे असतो आणि दाराशी टेबल टाकून वहिनी बसतात. गिऱ्हाईक पावती दाखवतं, वहिनी लॅपटॉपवर नाव शोधतात, मूर्ती तयार आहे ना आणि पैसे किती बाकी आहेत हे बघतात, आणि आतल्या मुलाला वर्णन ओरडून सांगतात. मूर्ती पाटावर येते, तोंडावर रुमाल टाकला जातो आणि गजर होतो. एका गिऱ्हाइकाला दोन मिनिटं लागली तरी मागची रांग रस्त्यावर जाते.

दोन वर्षांपूर्वी त्या गडबडीत एक चूक झाली. यादीत लागोपाठच्या दोन ओळींत एकाच आडनावाची दोन बुकिंग होती. दोन्ही मूर्ती १४ इंचांच्या, एक लोडाला टेकलेली आणि दुसरी सिंहासनावरची. वहिनींनी डावीकडे नाव बरोबर वाचलं, पण उजवीकडच्या टोकाला 'तयार' हा शब्द शोधताना नजर एक ओळ खाली घसरली. लोडाची मूर्ती दुसऱ्याच घरी गेली. प्रतिष्ठापना व्हायच्या आत फोन आला म्हणून अदलाबदल करता आली. एकदा प्राणप्रतिष्ठा झाली असती तर कोणी मूर्ती परत मागितली असती आणि कोणी दिली असती?

मी ती फाइल बघितली तेव्हा चुकीचं कारण समोरच दिसलं. मूर्ती तयार झाली की वहिनी फक्त स्थितीच्या सेलला पिवळा रंग भरत होत्या, तोही हाताने. म्हणजे नाव डावीकडच्या टोकाला, रंग उजवीकडच्या टोकाला आणि मध्ये तीन पांढरे सेल. नजरेला धरून चालायला काहीच नाही. शिवाय मूर्ती नेल्यावर शब्द बदलायचा आणि रंगही बदलायचा, अशी दोन कामं. घाईत दुसरं काम राहून जाई. काही ओळींत 'नेली' लिहिलेलं होतं आणि सेल अजून पिवळाच होता.

"भाऊजी, तो शब्द बदलला की सगळी ओळच आपोआप रंगली तर?" वहिनींनी विचारलं. एक्सेलमध्ये हे करता येतं आणि त्याला एकच ओळ लिहावी लागते. पण त्या ओळीत डॉलरचं एक चिन्ह आहे. ते नेमकं काय करतं हे कळलं नाही, तर नियम कधी चालतो, कधी चालत नाही आणि कधी चालल्यासारखा दिसून चुकीचीच ओळ रंगवतो. म्हणून ते जरा सावकाश बघू.

वहिनींची फाइल अशी आहे. पहिल्या ओळीत मथळे. A कॉलममध्ये पावती क्रमांक, B मध्ये नाव, C मध्ये मूर्तीचं वर्णन, D मध्ये ठरलेली रक्कम, E मध्ये बाकी आणि F मध्ये स्थिती. स्थितीला पाच शब्द आहेत: कच्ची, रंगकाम, आखणी, तयार, नेली. आखणी म्हणजे डोळे रेखणं. ती झाली आणि वरचा हात फिरला की मूर्ती तयार. बुकिंग दुसऱ्या ओळीपासून सुरू होतात आणि त्या वर्षी १४० होती.

एक्सेलमध्ये कंडिशनल फॉरमॅटिंग नावाची सोय १९९७च्या आवृत्तीपासून आहे. तिचा सोपा प्रकार बहुतेकांनी वापरलेला असतो: ज्या सेलमध्ये अमुक शब्द आहे तो सेल रंगव. त्यात सेल स्वतःच्याच पोटात बघतो. आपल्याला हवं ते वेगळं आहे. नावाच्या सेलमध्ये 'तयार' हा शब्द नाही आणि कधी येणारही नाही. तरी त्याने हिरवं व्हायचं आहे, कारण त्याच्याच ओळीत पलीकडे F मध्ये तसं लिहिलं आहे. म्हणजे प्रत्येक सेलला सांगावं लागतं, की स्वतःकडे बघू नकोस, तुझ्या ओळीतल्या F कडे बघ. हे सांगायचं साधन म्हणजे सूत्र.

आधी रंगवायचा भाग निवडायचा. माउसने ओढण्यापेक्षा, सूत्रपट्टीच्या डावीकडे जी छोटी चौकट असते, जिच्यात चालू सेलचं नाव दिसतं, तिथे `A2:F500` लिहून एंटर दाबलं, की सगळा भाग नेमका निवडला जातो आणि A2 हा चालू सेल राहतो. हे असंच का करायचं ते पुढे येईल. मथळ्याची पहिली ओळ निवडीत घ्यायची नाही. बुकिंग १४० असली तरी निवड ५०० पर्यंत घ्यायची, म्हणजे नवीन नावं खाली वाढत गेली तरी नियम पुरतो. रिकाम्या ओळीत 'तयार' नसल्यामुळे ती पांढरीच राहते. मग Home मधून Conditional Formatting, त्यात New Rule आणि तिथल्या यादीतला शेवटचा पर्याय: Use a formula to determine which cells to format. खाली जी रिकामी पट्टी उघडते तिच्यात हे लिहायचं:

```
=$F2="तयार"
```

मग Format बटण, त्यात Fill, तिथून फिकट हिरवा रंग आणि OK. F कॉलममध्ये कुठेही 'तयार' लिहा, पावती क्रमांकापासून स्थितीपर्यंत ती पूर्ण ओळ हिरवी होते. शब्द बदला, रंग जातो.

आता त्या सूत्राकडे बघू. पहिलं बरोबरचं चिन्ह म्हणजे 'हे सूत्र आहे' एवढंच. दुसरं बरोबरचं चिन्ह मात्र प्रश्न विचारतं: F2 मध्ये जे आहे ते 'तयार' आहे का? उत्तर हो किंवा नाही, एक्सेलच्या भाषेत TRUE किंवा FALSE. हो आलं की रंग, नाही आलं की काही नाही.

लोक अडखळतात ते पुढे. आपण सूत्र एकदाच लिहिलं, तेही F2 बद्दल. मग पन्नासाव्या ओळीला ते कसं लागू पडतं? एक्सेल असं धरून चालतं, की हे सूत्र चालू सेलसाठी, म्हणजे A2 साठी लिहिलेलं आहे. बाकीच्या प्रत्येक सेलसाठी ते सूत्र मनातल्या मनात सरकवलं जातं, जसं सेल कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की आतली नावं सरकतात तसंच. एक ओळ खाली गेलं की 2 चा 3 होतो. एक घर उजवीकडे गेलं की अक्षरही पुढे जातं, F चं G होतं. डॉलर हा त्या सरकण्यावरचा खिळा आहे. ज्याच्या आधी डॉलर असतो ते जागचं हलत नाही. `$F2` मध्ये F ला खिळा ठोकलेला आहे आणि 2 मोकळा आहे. म्हणून उजवीकडे कितीही गेलं तरी बघायचं F मध्येच आणि खाली गेलं की आपापल्या ओळीत.

वहिनींना हे पटावं म्हणून मी खिळे काढून आणि नको तिथे मारून दाखवलं. आधी डॉलर काढून नुसतं `=F2="तयार"` लिहिलं. ओळ रंगलीच नाही. फक्त पावती क्रमांकाचा सेल हिरवा झाला. कारण सरळ आहे. A2 ने F2 कडे बघितलं आणि त्याला 'तयार' सापडलं. B2 साठी मात्र सूत्र एक घर सरकलं, त्याने G2 कडे बघितलं आणि तिथे काहीच नव्हतं. C2 ने H2 कडे बघितलं. प्रत्येक सेल आपल्यापासून पाच घरं उजवीकडे बघत होता आणि त्यातल्या फक्त पहिल्याची नजर स्थितीवर पडत होती. तुमच्या फाइलमध्ये ओळीऐवजी डावीकडचा एकच सेल रंगत असेल, तर डॉलर राहिला आहे असं बिनदिक्कत समजा.

मग दोन्हीकडे खिळा मारला: `=$F$2="तयार"`. आता पहिलं बुकिंग तयार झालं की सगळी यादी हिरवी आणि ते नसेल तर सगळी पांढरी. प्रत्येक सेल, मग तो तिसऱ्या ओळीतला असो वा तीनशेव्या, F2 लाच विचारत होता. ही चूक सगळ्यात जास्त होते आणि त्याला कारण आहे. सूत्र लिहिताना आपण F2 हाताने टाइप न करता त्या सेलवर क्लिक केलं, तर त्या खिडकीत एक्सेल आपण होऊन `$F$2` असं दोन डॉलरवालं नाव टाकतं. त्यावर कर्सर ठेवून F4 दाबत गेलं की डॉलर जागा बदलत जातात. फक्त F च्या आधी डॉलर उरला की थांबायचं.

त्याच पट्टीत आणखी एक त्रास आहे, ज्याने मी सुरुवातीला फार वैतागलो होतो. सूत्रात मागे जाऊन काही दुरुस्त करावं म्हणून डावा बाण दाबला की कर्सर मागे जात नाही, उलट सूत्रातच नको त्या सेलचं नाव येऊन पडतं. एक्सेलला वाटतं तुम्ही बाणाने सेल निवडताय. आधी F2 हे कळफलकावरचं बटण दाबलं की बाण नेहमीसारखे चालतात. इथे F2 म्हणजे आपला स्थितीचा सेल नव्हे, वरच्या रांगेतलं बटण.

डॉलर बरोबर असूनही होणारी एक चूक आहे आणि माझ्या मते तीच सगळ्यात धोक्याची, कारण तिच्यात रंग छान दिसतो. पहिल्या प्रयत्नात मी घाईने मथळ्यासकट, A1 पासून निवड केली होती आणि सूत्र मात्र `=$F2="तयार"` असंच ठेवलं होतं. ओळी पूर्ण रंगल्या. मी समाधानाने लॅपटॉप वहिनींकडे फिरवला. त्यांनी दोन नावं वाचली आणि म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांची तर अजून आखणी पण झाली नाही. हिरवं कसं?"

चालू सेल A1 होता आणि सूत्र F2 बद्दल बोलत होतं. म्हणून एक्सेलने अर्थ लावला, की प्रत्येक सेलने आपल्या खालच्या ओळीतला F बघायचा. साठाव्या ओळीतली मूर्ती तयार झाली की एकोणसाठावी ओळ हिरवी होत होती. दोन वर्षांपूर्वी जी चूक नजरेने केली होती, नेमकी तीच आता मी नियमात पक्की बसवली होती आणि या वेळी ती १४०च्या १४० ओळींना लागू होती. वहिनींना त्या दोन मूर्ती माहीत नसत्या तर हरतालिकेपर्यंत ते कळलं नसतं. तेव्हापासून मी एक तपासणी सोडत नाही: सूत्रातला ओळीचा आकडा आणि निवडीतल्या पहिल्या ओळीचा आकडा एकच आहे ना ते बघायचं. निवड 2 पासून असेल तर सूत्रातही 2 हवा, 5 पासून असेल तर 5.

हीच गोष्ट दुसऱ्या वाटेनेही बिघडते. काहीजण यादी खालून वर ओढत निवडतात. निवडलेला भाग तोच दिसतो, पण चालू सेल असतो जिथून ओढायला सुरुवात केली तो, म्हणजे शेवटचा. मग `$F2` हे शेवटच्या ओळीसाठी लिहिलंय असं धरलं जातं आणि वरच्या ओळींसाठी एक्सेल आणखी वर वर बघत जातं. वर जागा संपली की ते वळसा घालून शीटच्या तळाशी जातं. नियम नंतर उघडून बघितला आणि त्यात 1048571 असला दहा लाखांच्या पुढचा आकडा दिसला, तर हेच झालं आहे. एक्सेलच्या शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी असतात आणि तुमचं सूत्र त्यांच्या टोकाला जाऊन बसलं आहे. डावीकडच्या चौकटीत `A2:F500` टाइप करून निवडायचं मी वर म्हटलं ते यासाठीच. त्यात चालू सेल वरचा डावा राहतो आणि हा घोटाळा होत नाही.

सूत्र बरोबर, निवड बरोबर, तरी एखादी ओळ रंगत नाही, असंही होतं. आमच्याकडे ३७वी ओळ तशी होती. F37 मध्ये डोळ्यांना स्पष्ट 'तयार' दिसत होतं. अशा वेळी नियमाशी झगडण्यापेक्षा सेललाच विचारावं. बाजूच्या रिकाम्या सेलमध्ये मी हे लिहिलं:

```
=LEN(F37)
```

LEN मजकुराची लांबी मोजतं. उत्तर ५ आलं. 'तयार' मध्ये आपण अक्षरं तीन मोजतो, पण संगणक काना वेगळा मोजतो, म्हणून बरोबर उत्तर ४ यायला हवं: त, य, काना, र. पाचवं काय होतं? शब्दाच्या शेवटी एक रिकामी जागा. फोनच्या कीबोर्डवर सुचवलेला शब्द निवडला की पुढे स्पेस आपोआप पडते आणि ती फाइल मित्राचा मुलगा आतून फोनवर भरत होता. माणसाला ती स्पेस दिसत नाही, पण तुलनेत ती अक्षरच आहे. सूत्रात `=TRIM($F2)="तयार"` असं लिहिलं तर पुढची-मागची रिकामी जागा झाडून मग तुलना होते.

पण TRIM ऱ्हस्व-दीर्घ सुधारत नाही. 'रंगकाम' कोणी 'रंग काम' लिहिलं, 'कच्ची' कोणी 'कच्चि' लिहिलं, की नियमाला तो वेगळाच शब्द. आणि महाराष्ट्रात आणखी एक अडचण घराघरांतल्या जुन्या फाइलींत आहे: शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर. पडद्यावर तो मराठी दिसतो, पण आत खरं तर इंग्रजी अक्षरं असतात आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार काढतो. युनिकोडमधलं 'तयार' आणि त्या फॉन्टमधलं 'तयार' कधीच जुळणार नाहीत. ओळखायची खूण सोपी आहे. सेलवर क्लिक करून वरच्या सूत्रपट्टीत बघा. तिथे मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली, तर मजकूर जुन्या फॉन्टमधला आहे आणि तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागेल.

या सगळ्यावरचा उपाय म्हणजे स्थिती टाइपच करू द्यायची नाही. F2 ते F500 निवडायचं, Data मधून Data Validation उघडायचं, Allow मध्ये List निवडायचं आणि Source मध्ये पाच शब्द स्वल्पविराम देऊन लिहायचे:

```
कच्ची,रंगकाम,आखणी,तयार,नेली
```

आता सेलवर गेलं की बाण दिसतो आणि पाचातला एक शब्द निवडायचा. त्याखेरीज काही टाइप केलं तर एक्सेल ते घेतच नाही. मी तर म्हणेन, ओळ रंगवायचा नियम करायच्या आधी ही यादी करावी. ज्या सेलवर अख्ख्या ओळीचा रंग ठरणार, त्यात मोकळं लिखाण चालू देणं बरं नाही.

लिहिताना अवतरणचिन्हांकडेही लक्ष असू द्या. सूत्रातली ती सरळ उभी हवीत. कोणाच्या व्हॉट्सअॅप मेसेजमधून किंवा वर्ड फाइलमधून सूत्र उचलून चिकटवलं की ती वळणदार होऊन येतात आणि नियम चालत नाही. आणि सुरुवातीचं बरोबरचं चिन्ह विसरलं तर एक्सेल तक्रार करत नाही, सगळं सूत्रच अवतरणचिन्हांत गुंडाळून साधा मजकूर म्हणून ठेवून देतं. नियम यादीत दिसतो, रंग मात्र कधीच येत नाही.

हिरवा नियम बसल्यावर वहिनींनी खरी गरज सांगितली. मूर्ती तयार आहे, पण पैसे बाकी आहेत, अशी ओळ वेगळी दिसायला हवी. कारण गर्दीत मूर्ती हातात पडली की बाकी मागायची राहून जाते. म्हणजे दोन अटी एकदम. त्यासाठी AND वापरायचं:

```
=AND($F2="तयार",$E2>0)
```

याला आम्ही फिकट नारिंगी दिला. दोन्ही नावांतला कॉलम डॉलरने बांधलेला आहे, हे बघितलंत ना? एकाचाही डॉलर सुटला तर वरचाच गोंधळ. शिवाय 'नेली' साठी तिसरा नियम केला: करडा रंग आणि अक्षरंही फिकट, म्हणजे ती ओळ नजरेतून मागे सरते.

आता बाकी असलेली तयार मूर्ती हिरव्या नियमातही बसते आणि नारिंगीतही. कोण जिंकतं? Conditional Formatting मध्ये Manage Rules उघडलं की नियम एकाखाली एक दिसतात आणि दोघांचा रंग एकाच सेलवर आला तर वरच्याचा चालतो. नवा नियम आपोआप सगळ्यात वर जाऊन बसतो, म्हणून आमचा नारिंगी बरोबर लागला. तोच आधी केला असता आणि हिरवा नंतर, तर नारिंगी कधी दिसलाच नसता. त्या खिडकीत वर-खाली बाण आहेत, त्यांनी क्रम बदलता येतो.

नारिंगीतही एक अडचण आली. पूर्ण पैसे दिलेल्या काही ओळीही नारिंगी झाल्या. वहिनींनी तिथे बाकीच्या कॉलममध्ये शून्याऐवजी 'दिली' असं लिहिलं होतं. एक्सेल तुलना करताना कोणताही शब्द कोणत्याही आकड्यापेक्षा मोठाच धरतं. त्यामुळे 'दिली' हे शून्यापेक्षा जास्त ठरलं. बाकीच्या कॉलममध्ये फक्त आकडे लिहायचे किंवा तो रिकामा ठेवायचा, असं ठरलं.

रंग किती वापरायचे याबद्दल माझं मत ठाम आहे. कच्ची, रंगकाम आणि आखणी यांनाही वेगवेगळे रंग द्यावेत असं मित्राला वाटत होतं. एक्सेल २००३पर्यंत एका सेलला तीनच अटी लावता येत असत. २००७पासून ती मर्यादा गेली, त्यामुळे करायला काही अडचण नाही. पण टेबलावर बसलेल्या माणसाला तीनच प्रश्न पडतात: देऊ का, पैसे घेऊन देऊ का, की ही गेलेली आहे. बाकीच्या ओळी पांढऱ्या राहिल्या, म्हणूनच हे तीन रंग उठून दिसतात.

जुना हाताने भरलेला पिवळा रंगही आम्ही काढून टाकला. नियमाचा रंग हाताच्या रंगावर पांघरुणासारखा पडतो, खालचा पुसत नाही. नियम लागू नसला की खालचा पिवळा पुन्हा वर दिसतो आणि पाहणाऱ्याला वाटतं नियम बिघडला. उलटही होतं: नियमाने आलेला रंग Fill मधल्या No Fill ने जात नाही, कारण तो त्या सेलमध्ये भरलेलाच नसतो.

पुढे दोन आठवड्यांनी वहिनींचा फोन आला की मधल्याच काही ओळी रंगत नाहीयेत. Manage Rules मध्ये वरच्या चौकटीत This Worksheet निवडल्यावर तीनऐवजी अकरा नियम दिसले. प्रत्येकाच्या समोर Applies to मध्ये तुकडे तुकडे पत्ते होते. ओळी एका जागेहून दुसरीकडे कॉपी-पेस्ट केल्या की मजकुराबरोबर नियमही चिकटतो, त्याच्या प्रती होतात आणि मूळ भागाचे तुकडे पडतात. मी जादा नियम पुसले आणि उरलेल्या तिघांच्या Applies to मध्ये `=$A$2:$F$500` पुन्हा लिहिलं. इथे मात्र दोन्ही डॉलर बरोबर आहेत, कारण हा कुठे बघायचं याचा पत्ता नाही, कुठे रंगवायचं याची हद्द आहे. आता त्या कॉपी केल्यावर Paste Special मधून Values निवडतात. नुसता मजकूर येतो, नियम येत नाही.

आतून फोनवर स्थिती भरायची म्हणून पुढच्या वर्षी फाइल गूगल शीट्सवर नेली. सूत्र एका अक्षराने बदललं नाही. तिथे Format मध्ये Conditional formatting, अटींच्या यादीत सगळ्यात खाली Custom formula is, आणि Apply to range मध्ये A2:F500. लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये Cell value is ऐवजी Formula is निवडायचं आणि थेट रंगाऐवजी एक सेल स्टाइल द्यायची. डॉलरचा अर्थ तिन्हीकडे एकच आहे.

संध्याकाळी मित्र विचारतो, किती तयार आहेत? हिरव्या ओळी मोजणारं सूत्र एक्सेलमध्ये नाही; रंग हे उत्तर आहे, माहिती नव्हे. मोजायचा तो शब्दच:

```
=COUNTIF(F2:F500,"तयार")
```

नुसत्या हिरव्या ओळी बघायच्या असतील तर मात्र फिल्टरमधलं Filter by Color नियमाचा रंगही ओळखतं.

अनंत चतुर्दशी झाली की वहिनी फाइलची एक प्रत नव्या वर्षाच्या नावाने ठेवतात. त्या प्रतीत A2:F500 निवडून कळफलकावरचं Delete बटण दाबतात. नावं, पैसे, स्थिती सगळं जातं. नियम आणि पाच शब्दांची यादी जागेवर राहते. ओळीच काढून टाकल्या असत्या तर नियमाची हद्दही त्यांच्याबरोबर आखडली असती. शीट पूर्ण पांढरं होतं. मग त्या पहिल्या रिकाम्या ओळीत एक खोटं नाव टाकून F2 मध्ये 'तयार' निवडतात, ती ओळ हिरवी झाली आणि तिसरी पांढरीच राहिली हे बघतात, आणि नाव पुसून लॅपटॉप बंद करतात.